पारोळा ते एरंडोल, रात्रीचं गाणं आणि निवेदिकेचे तुकडे

गाण्याचे शब्द आठवत असले तर शोधायला काही लागतच नाही, गुगलवर एक ओळ टाकली की काम होतं. माझ्याकडे शब्द नव्हते. होतं ते एवढंच - एक पुरुषाचा आवाज, जाडसर, थोडा नाकात आणि थोडा घोगरा, मागे ट्रम्पेट, क्लबमध्ये वाजतो तसला संथ ठेका, आणि "रात" हा एक शब्द स्वच्छ ऐकू आलेला. हिंदी गाण्यात "रात" शोधायचं म्हणजे केळीच्या बागेत एक पान शोधायचं. पण गाण्याच्या आधी आणि नंतर रेडिओवरची निवेदिका जे बोलली त्याचे काही तुकडे कानात राहिले होते आणि शेवटी त्यावरूनच गाणं सापडलं. कसं सापडलं ते लिहून ठेवतोय, कारण बऱ्याच जणांचं असंच होतं, गाडी चालवताना गाणं ऐकलं, आवडलं आणि गेलं.

धुळ्याहून लग्न आटपून जळगावला परत येत होतो. गाडीत मागे सगळे झोपलेले, सेटवर स्कॅन लावलेला, आणि स्कॅन जिथे थांबला तिथे मी राहू दिला, कुठला आकडा होता ते बघितलंच नाही. त्या पट्ट्यात रेडिओचं कसं असतं माहितेय ना, धुळं मागे पडलेलं आणि जळगाव अजून लांब, त्यामुळे एफएम एक मिनिट एकदम स्वच्छ लागतो, मग खरखर, मग एखादा चढ आला की परत स्वच्छ. निवेदिका बोलत होती त्यातलं अर्धं त्या खरखरीत गेलं.

एरंडोलला चहाला थांबलो तेव्हा पहिलं काम हे केलं की फोनमध्ये आवाज रेकॉर्ड करून जे जे आठवतंय ते बोलून ठेवलं, अर्थ लागो न लागो. हे मी सगळ्यांना सांगेन. कारण सकाळपर्यंत आपलं डोकं त्या तुकड्यांची आपल्या मनाने जोडणी करून टाकतं आणि मग खरं काय ऐकलं आणि आपण काय भरलं हे वेगळं करता येत नाही. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये असं होतं: गाण्याआधी "एक सितारे की पहली फ़िल्म" असं काहीतरी. गाणं झाल्यावर "गिटार", मग खरखर, मग "परदे पर भी वही गाते हुए", मग "साल छिया-" आणि पुन्हा खरखर. त्यानंतर "समंदर" असा एक सुटा शब्द.

भाच्याने लगेच सांगितलं, मामा शझाम वापरायचं ना. अरे बाबा, ते ॲप जे वाजतंय त्या रेकॉर्डिंगचा ठसा घेऊन त्याच्याकडच्या ठशांशी जुळवतं, म्हणजे गाणं वाजत असतानाच चालू करावं लागतं, आणि मी स्टिअरिंगवर. गाणं संपल्यावर ते काय ऐकणार. गुगलला गुणगुणून दाखवायची सोय आहे ती पण करून बघितली, तर ती भलतीच गाणी दाखवत होती, कारण मला आठवत होता तो ट्रम्पेटचा तुकडा, गायलेली चाल नाही. गुणगुणून शोधायचं तर गायकाची चाल यावी लागते, मधल्या वाजवण्यावर ते फसतं.

मग दुसऱ्या दिवशी नीट बसून आधी वेळ पक्की केली. गाडीचं घड्याळ बिनभरवशाचं, बॅटरी बदलल्यापासून कोणी लावलंच नव्हतं. पण पैसे दिले की वेळ कुठेतरी उमटते. पेट्रोल पंपावर यूपीआयने पैसे दिलेले, त्याची वेळ 9:52. नंतर टोलला फास्टॅग कापला गेला, तो मेसेज फोनवर उशिरा आला होता पण मेसेजच्या आत व्यवहाराची वेळ दिलेली असते ती धरायची, मेसेज कधी आला ती नाही. ती होती 10:09. गाणं टोलनंतर लागलं हे नक्की आठवत होतं कारण टोलवर काच खाली केली तेव्हा निवेदिका बोलत होती आणि मी आवाज कमी केला होता. आणि एरंडोलला यायच्या आधी कार्यक्रम बदलला होता, तिथे माणसांची आणि गावांची नावं वाचायला सुरुवात झाली होती. म्हणजे गाणं साधारण सव्वादहाच्या आसपास, आणि नावं वाचणं साडेदहाच्या पुढे.

आता ही नावं वाचणं हा फार मोठा पुरावा होता. रात्री दहा ते साडेदहा विविध भारतीवर वर्षानुवर्षं छायागीत लागतं आणि साडेदहाला आप की फ़रमाइश. फ़रमाइश म्हणजे श्रोत्यांची पत्रं, अमुक गावाहून अमुक आणि त्यांचे सगळे घरवाले, मग गाणं. आपल्याकडच्या स्टेशनवर स्वतःचे कार्यक्रम असतात आणि मध्ये मध्ये विविध भारती जोडलेली असते, त्यामुळे माझा स्कॅन धुळ्यावर थांबला होता की जळगावला पोचणाऱ्या दुसऱ्या कशावर, याने फरक पडत नव्हता, कार्यक्रम मुंबईहून निघतो आणि सगळीकडे एकाच वेळी ऐकू येतो. तरी खात्री म्हणून पुढच्या रात्री घरी रेडिओ लावून बघितला आणि न्यूज ऑन एअर ॲपवर पण, ॲपवर तेच बोलणं जरा मागून येतं एवढाच फरक. दहाला छायागीत, साडेदहाला नावं. जुळलं.

कार्यक्रम कळला की शोधायचं मैदान किती लहान होतं ते बघा. तेच गाणं सकाळी भूले बिसरे गीतमध्ये लागलं असतं तर मी चाळीस-पन्नासच्या दशकाकडे जास्त गेलो असतो. संध्याकाळी जयमालात लागलं असतं तर फौजी भावांची नावं आली असती, आणि पसंती त्यांची, म्हणजे बहुतेक सगळ्यांना माहीत असलेलं गाणं. प्रायव्हेट एफएमवर असतं तर आरजे गाण्याबद्दल काही सांगतच नाही, विनोद करतो आणि पुढे जातो, आणि त्यांची गाणी तीच तीच फिरत असतात. छायागीतचं वेगळं आहे. तिथे निवेदक स्वतःच्या पसंतीने गाणी निवडतो, एखादा धागा धरतो, रात्र, पाऊस, वाट बघणं असं काही, आणि त्या धाग्यावर बोलत बोलत गाणी ओवतो. म्हणजे तिथे कमी ऐकलेलं गाणं लागायची शक्यता जास्त, आणि निवेदिका जे बोलते ते तिने लिहून आणलेलं असतं, उगाच तोंडाला आलं ते नसतं. त्यामुळे "गिटार" ती सहज म्हणाली नसणार, गाण्याशी त्याचा संबंध असणार.

इथे मी भुसावळला आप्पांना फोन लावला. आप्पा म्हणजे आमच्या नात्यातले, रेल्वेतून रिटायर, आणि तरुणपणी फ़रमाइशची पोस्टकार्डं टाकणाऱ्यांतले. आजही त्यांच्याकडे वह्या आहेत, कुठल्या तारखेला कुठलं गाणं लागलं त्याच्या.

"आप्पा, एक गाणं अडलंय."

"बोल भो."

सगळं सांगितलं. आप्पा म्हणाले, "परदे पर वही गाते म्हणजे किशोर असेल, तो हिरोच होता."

"आवाज किशोरचा नाही आप्पा, तेवढं तर मला कळतं. आणि मग गिटार कुठून आला?"

"हां. बरोबर." मग जरा वेळ काहीच बोलले नाहीत. "गाणारा माणूस स्वतः गिटारवाला असला पाहिजे. साल काय म्हणत होती?"

इथे खरी गंमत होती. "छिया-" एवढंच ऐकलेलं. हिंदी आकडे आपल्या मराठी कानाला असेही फसवतात, आणि त्यात खरखर. आप्पांनी फोनवरच हिंदीत आकडे मोजायला घेतले. छियालीस म्हणजे 46, छियासठ म्हणजे 66, छियासी म्हणजे 86, छियानवे म्हणजे 96. छप्पन आणि छिहत्तर बाद, कारण त्यात "छिया" येत नाही. म्हणजे चारच सालं उरली, आणि त्यांच्यात दहा ते वीस वर्षांचं अंतर, त्यामुळे गाण्याच्या आवाजावरूनच ती वेगळी करता आली पाहिजेत.

मी म्हटलं, गाणं जुनं वाटत होतं, दबलेलं, मोनो. आप्पा म्हणाले, "गाडीच्या रेडिओवर दबलेलं म्हणजे जुनं असं नाही रे. सिग्नल कमी झाला की तो सेटच स्टिरिओ सोडून मोनो होतो आणि वरचे सूर कापतो, खरखर कमी ऐकू यावी म्हणून. कालचं गाणं पण तसंच वाजेल." हे मला माहीत नव्हतं, आणि नंतर बघितलं तर खरंच गाड्यांचे सेट असंच करतात. मग त्यांनी विचारलं, "निवेदिकेचा स कसा येत होता?" म्हणजे ती "साल" म्हणाली, "सितारे" म्हणाली, तेव्हा तो स टोकदार होता की बोथट. फार हुशार प्रश्न. कारण निवेदिका आजच्या माइकवर बोलते, तिचा स टोकदार येत असेल आणि लगेच पुढचं गाणं दबलेलं असेल तर दोष सिग्नलचा नाही, रेकॉर्डिंगच जुनं. दोन्ही बोथट असतील तर त्यावरून काहीच ठरवता येत नाही. मला "सितारे" स्वच्छ आठवत होतं, आणि त्याच स्वच्छ पट्ट्यात गाणं सुरू झालं होतं, तरी ट्रम्पेटला धार नव्हती. म्हणजे 86 आणि 96 जवळजवळ गेले. 46 साठी मात्र तो ठेका आणि तो गायचा ढंग फारच नवा वाटत होता, माइकच्या एकदम जवळ येऊन हळू गाणारा, स्वर न ताणणारा. उरलं 66.

1966 च्या आसपास, स्वतः गिटार वाजवणारा गायक, जाडसर घोगरा आवाज. आप्पांनी एका दमात सांगितलं, "भूपिंदर. भूपिंदर सिंग." नंतर गुलजारच्या गाण्यांमुळे लोकांना माहीत झाला तो, पण त्याच्या आधी तो दिल्ली आकाशवाणीवर गिटार वाजवत होता आणि 1971 च्या 'दम मारो दम' मधला गिटार त्याचा. निवेदिका बहुतेक तेच सांगत असणार, की या गायकाचा गिटार तुम्ही कितीतरी वेळा ऐकलाय, नाव माहीत नसेल. बरं, छायागीतमध्ये असं सांगायची पद्धतच आहे, गायकाचं नाव थेट न घेता आधी त्याची ओळख द्यायची आणि मग नाव. ते नावच नेमकं खरखरीत गेलं असणार.

आता भूपिंदरचे सुरुवातीचे सिनेमे किती, थोडेच. मदन मोहनने त्याला 1964 च्या 'हक़ीक़त' मध्ये गायला लावलं, 'होके मजबूर मुझे', पण ते गाणं चौघांचं आहे, रफी, तलत, मन्ना डे आणि हा. मी ऐकलं ते एकट्याचं होतं. शिवाय ते सैनिकांचं गाणं, तिथे क्लबचा ट्रम्पेट कसा येईल. 'हक़ीक़त' चेतन आनंदचा होता, आणि त्याच चेतन आनंदने 1966 मध्ये 'आख़िरी ख़त' काढला, त्यात भूपिंदरचं एकट्याचं गाणं आहे, 'रुत जवां जवां रात मेहरबां'. संगीत ख़य्याम, शब्द कैफ़ी आज़मी.

यूट्यूबवर लावलं आणि सुरुवातीलाच कळलं. पण मी मुद्दाम तिथे थांबलो नाही, कारण आपल्याला एखादं गाणं "हेच" वाटायला लागलं की मग तेच ऐकलं होतं असं कान पण मानून घेतो. हे फार वेळा होतं, विशेषतः एकाच गायकाची दोन गाणी सारख्या मूडची असली की. म्हणून जे तुकडे शोधायला वापरले नव्हते ते तपासायला वापरायचे. गिटार, साल, आवाज हे सगळं शोधण्यात खर्च झालं होतं. "परदे पर भी वही गाते हुए" वर आम्ही किशोरच्या पलीकडे काहीच केलं नव्हतं, आणि "एक सितारे की पहली फ़िल्म" ला तर हातच लावला नव्हता.

व्हिडिओ बघितला. क्लबमध्ये लोक नाचतायत आणि समोर गातोय तो स्वतः भूपिंदर, तरुण. नट नाही, गायकच पडद्यावर. आणि ट्रम्पेटवाला पण खरा ट्रम्पेटवाला, चिक चॉकलेट नावाने मुंबईत प्रसिद्ध होता तो गोव्याचा वादक. एक तुकडा बसला. दुसरा तर याहून सोपा निघाला, 'आख़िरी ख़त' हा राजेश खन्नाचा पहिला सिनेमा. बस, तोच "सितारा". दोन्ही गोष्टी गाणं शोधताना वापरलेल्या नव्हत्या आणि दोन्ही बसल्या, म्हणून मी पक्कं धरलं. यातली एकही बसली नसती तर मी "बहुतेक" म्हणून सोडून दिलं असतं. यातला "परदे पर" वाला पुरावा जास्त वजनाचा, कारण पहिला सिनेमा कोणाचा ना कोणाचा असतोच, पण पार्श्वगायक स्वतः पडद्यावर येऊन स्वतःचंच गाणं गातोय आणि तो नट नाही, असं फार कमी वेळा होतं.

आप्पांना परत फोन केला तर ते म्हणे, "मग, सांगितलं ना." त्यांनी तोवर वहीत शोधून ठेवलं होतं की हे गाणं त्यांनी आधी कधी ऐकलं, आणि ते पण रात्रीच्याच कार्यक्रमात. फ़रमाइशमध्ये एकदाही नाही. त्यांचं म्हणणं असं की फ़रमाइशला लोक हे गाणं पाठवतच नाहीत, हे निवेदकांचं आवडतं गाणं आहे, लोकांचं नाही. त्यांच्या एका वहीवर एवढं मोठं बोलावं की नाही मला माहीत नाही, पण रेडिओवर कुठलं गाणं कुठल्या वेळेला भेटेल याचा अंदाज त्यांचा चुकत नाही, हे मी लहानपणापासून बघतोय.

ही पद्धत कुठे अडते ते पण सांगतो. छायागीतच्या जागी एखाद्या दिवशी काही विशेष कार्यक्रम असला, कोणी कलाकार गेला म्हणून त्याच्यावरचा कार्यक्रम असला, तर वेळेवरून काढलेला अंदाज सगळा उलटा पडतो, म्हणून दुसऱ्या दिवशी तीच वेळ ऐकून खात्री करण्याइतकंच त्या रात्री पुढे काय लागलं हे लक्षात ठेवणं महत्त्वाचं. माझ्या बाबतीत नावं वाचणं सुरू झालं तेच कामाला आलं. आणि लोकल स्टेशन मध्येच आपली जाहिरात किंवा सूचना टाकतं, तेव्हा मुंबईची निवेदिका तुटते आणि मधेच मराठी आवाज येतो, ते दोन्ही एकाच कार्यक्रमाचं आहे असं समजून लोक मराठी कार्यक्रमात शोधत बसतात. माझ्या मोठ्या बहिणीने असंच एक गाणं जळगाव आकाशवाणीच्या मराठी कार्यक्रमातलं म्हणून शोधलं आणि ते हिंदी फ़रमाइशचं निघालं.

राहता राहिला "समंदर". तो या गाण्यात कुठेच बसत नाही, सिनेमा आहे आईविना शहरात भटकणाऱ्या लहान पोराचा. आप्पा म्हणतात तो पुढच्या गाण्याच्या बोलण्यातला असेल, निवेदिका रात्रीवरून समुद्राकडे वळली असेल. म्हणजे पुढचं गाणं साधारण दहा वीस ते दहा पंचवीसमध्ये लागलं, आणि मला अंधुक आठवतंय की तो बाईचा आवाज होता आणि मागे काही वाजत नव्हतं, नुसता आवाजच सुरुवातीला. आप्पांना तेवढं सांगून ठेवलंय. ते म्हणे, "याच्यात माले काय माहीत पडणार, एवढ्याशावरून?" आणि दहा मिनिटांनी त्यांचाच फोन, "ऐक, ती सुरुवात किती लांब होती, आठवतं का तुले?"